भाड्याच्या जुन्या घरात गिझर लावण्याआधी: घरमालकाकडे नेमके काय मागायचे

प्रश्न: डिचोलीत एका जुन्या चिऱ्याच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतलाय. घरमालक काका-काकू खालीच राहतात. बाथरूममध्ये ३ लिटरचा छोटा इन्स्टंट गिझर लावायचा आहे, त्यावर ३००० वॅट लिहिले आहे. वायरिंग लाकडी पट्टीवरचे, सॉकेट दोन पिनांचे, खाली चिनीमातीचे फ्यूज. वायरमन म्हणाला, घराला अर्थिंग नाही, पण न्यूट्रलवरून लूप मारून देतो, काम होईल. काका म्हणतात, इतक्या वर्षांत काही झाले नाही, तुम्हाला हवे तर तुम्ही करून घ्या. वीजबिल त्यांच्या नावावर आहे, आम्हाला सब-मीटर. त्यांना काय सांगू? खर्च कोणी करायचा?

उत्तर:

बाकी काही ठरो न ठरो, लूप मात्र मारू देऊ नका. सॉकेटच्या अर्थ पिनेला न्यूट्रलची तार जोडली की टेस्टरला, बल्बला सगळे ठीक दिसते आणि गिझरही चालतो. पण मीटरपासून वरपर्यंत न्यूट्रल कुठेही सुटला, फ्यूजखाली सैल झाला किंवा पावसात खांबावर तुटला, की गिझरच्या एलिमेंटमधून आलेला फेज त्याच लुपातून गिझरच्या पत्र्यावर, नळावर आणि पाण्यात उतरतो. गिझर बिघडलेला नसतानाही शॉक बसतो. दुरुस्ती करताना कोणी फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली तर पत्रा थेट फेजवर येतो. अर्थ नसलेले सॉकेट धोक्याचेच, पण लूप मारलेले सॉकेट त्याहून वाईट, कारण वापरणाऱ्याला ते सुरक्षित वाटते.

आता गिझरविषयी. ३ लिटर म्हणजे छोटा हा समज दुकानातून घरी येतो. आकार पाण्याच्या टाकीचा छोटा आहे, विजेचा नाही. ३००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण १३ अँपिअर. १५ लिटरचा साठवणीचा गिझर बहुधा २००० वॅटचा असतो, तो ८.७ अँपिअर घेतो. त्याला पाणी तापवायला वेळ लागतो एवढेच. इन्स्टंट अजून घेतला नसेल तर १५ लिटरचा घ्या असे मी सांगेन. अर्थिंग आणि नवी लाइन दोन्हींना लागते, पण जुन्या घराच्या मुख्य तारेवरचा ताण एक तृतीयांशाने कमी होतो आणि काकांना पटवणेही सोपे जाते. कोणी गॅसचा गिझर सुचवला तर तो बंद बाथरूमच्या आत कधीच लावायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणूस आवाज न करता जातो.

जुन्या तारेचे काय होते

लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमध्ये बहुतेक वेळा ३/२२ ची तांब्याची तार सापडते, म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, मिळून सुमारे १.२ चौरस मिमी तांबे. काही घरांत ॲल्युमिनियम असते. दिवे आणि पंखे यांच्यासाठी ती पुरेशी होती, म्हणूनच काका म्हणतात ते खरे आहे: इतक्या वर्षांत काही झाले नाही, कारण त्या तारेतून १३ अँपिअर कधी गेलेच नाहीत. हे त्यांना असेच सांगा. त्यांच्या अनुभवाला खोटे ठरवायची गरज नाही.

तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मुख्य बोर्डापासून तुमच्या बाथरूमपर्यंत १४ मीटर अंतर धरा, जाऊन-येऊन २८ मीटर तार. १.२ चौरस मिमीमध्ये तिचा रोध सुमारे ०.४ ओम होतो आणि १३ अँपिअरला तीत जवळजवळ ६८ वॅट उष्णता निघते. ४ चौरस मिमीच्या तारेत तीच २० वॅटच्या आसपास राहते. पण ६८ वॅट २८ मीटरवर पसरलेले असतात, त्यामुळे आग सहसा तारेच्या मध्ये लागत नाही, सांध्यात लागते. जुन्या बोर्डातल्या सैल स्क्रूखाली किंवा टेप मारलेल्या पिळात ०.१५ ओमचा रोध तयार झाला, तर त्या एका ठिपक्यात २५ वॅट साठतात, म्हणजे सोल्डरिंगची लहान इस्त्री बोर्डाच्या आत लाकडी पट्टीला टेकवून ठेवल्यासारखे. ॲल्युमिनियमचा सांधा जास्त लवकर बिघडतो, कारण त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि स्क्रूखाली तो हळूहळू दबून सैल होतो.

चिनीमातीचा फ्यूज यातून वाचवेलच असे नाही. एकदा उडाला की पुढचा माणूस हाताला येईल ती जाड तार बांधतो. फ्यूजमधली तार भिंतीवरच्या तारेपेक्षा जाड झाली, की फ्यूजच्या आधी भिंतीवरची तार जळते.

फक्त अर्थिंग करून का भागत नाही

ही गोष्ट बहुतेक घरमालकांना आणि बऱ्याच वायरमनांनाही माहीत नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अंगणात खड्डा खणून अर्थिंग केले, सॉकेटला हिरवी तार आणली, १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, लावला. सगळ्यांना वाटते, काम झाले. आता गिझरचे एलिमेंट फुटून फेज पत्र्याला लागला असे समजा. करंट पत्र्यातून हिरव्या तारेने तुमच्या खड्ड्यात जातो, तिथून मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगकडे परततो. तुमच्या खड्ड्याचा रोध ८ ओम आणि ट्रान्सफॉर्मरकडचा २ ओम धरला तर करंट २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. सी प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ अँपिअर ही तिच्यासाठी किरकोळ जादा भार आहे. तेवढ्यावर ती पाऊण-एक तासही टिकू शकते. आणि तेवढा वेळ गिझरच्या पत्र्यावर २३ गुणिले ८, म्हणजे १८४ व्होल्ट असतात. अर्थिंग असूनही.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जमिनीत ८ ओम मिळणे हेच सोपे नाही. पावसात मिळेल, एप्रिल-मे महिन्यांत जांभा कोरडा झाला की तोच आकडा कितीतरी वर जातो.

यावरचा उपाय म्हणजे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत येतोय का, एवढेच ती पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की पडते. वरच्या उदाहरणात २३ अँपिअरचा फरक आहे, ती ४० मिलिसेकंदांच्या आत पडेल. मे महिन्यात खड्डा अगदी १०० ओमवर गेला, तरी बिघाडाचा करंट सव्वादोन अँपिअर असतो, तोही तिला भरपूर होतो. म्हणून जांभ्या जमिनीत अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. एकटे अर्थिंग पत्र्यावर धोकादायक व्होल्टेज ठेवू शकते. एकटी आरसीसीबी माणसाने पत्रा धरल्यावर, त्याच्या अंगातून करंट गेल्यावरच पडते. दोन्ही असले तर बिघाड होताक्षणी, कोणी हात लावण्याआधीच वीज जाते.

मागणीचे दोन भाग करा

तुम्ही 'घराचे वायरिंग बदलून द्या' म्हणालात तर काकांच्या डोळ्यांसमोर फोडलेल्या भिंती, गिलाव्याचा ढिगारा आणि मोठा खर्च येतो. तुम्हाला एवढे सगळे लागतही नाही. मागणी अशी वाटून घ्या.

घराचा भाग: अंगणातला अर्थिंगचा खड्डा, तिथून मुख्य बोर्डापर्यंत अर्थची तार, मुख्य बोर्डातले जीर्ण स्विच-फ्यूज बदलणे, आणि लागल्यास मंजूर भार वाढवण्याचा अर्ज. हे तुम्ही घर सोडल्यावरही घरातच राहते. खालच्या मजल्यावरचा काकूंचा फ्रिज, मिक्सर, विहिरीचा पंप, सगळ्यांना पुढे त्याचा उपयोग होतो. हा खर्च मालकाने करणे रास्त.

तुमचा भाग: सब-मीटरपासून बाथरूमपर्यंतची गिझरची स्वतंत्र लाइन, तिची आरसीबीओ, म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी यांचे काम एकत्र करणारे साधन, सॉकेट आणि गिझर. हा खर्च तुम्ही उचला. जाताना आरसीबीओ आणि गिझर काढून नेता येतात. तार तशीच ठेवलेली बरी.

मालकाची तयारी नसेल, तर घराचा भागही तुम्ही आधी भरून चार-सहा महिन्यांच्या भाड्यातून वळता करून घ्यायची सोय विचारा. मात्र लेखी. भाडे परस्पर कापू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ (फ) नुसार मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचना देऊनही केली नाही, तर भाडेकरू ती करून भाड्यातून वळती करू शकतो. पण नवा गिझर लावायचा म्हणून वायरिंग वाढवणे ही सुधारणा झाली, 'बंधनकारक दुरुस्ती' म्हणून ती उभी राहणे कठीण. शिवाय तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर हे कलम तुम्हाला लागूच पडत नाही, कारण ते भाडेपट्ट्यासाठी आहे. आजच फ्रिजला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, सॉकेट काळे पडले असेल, तर गोष्ट वेगळी. तो चालू बिघाड आहे, तो पत्रात वेगळा आणि आधी लिहा.

गोव्यात मालक कागदावर सही करायला बिचकतात त्यामागे आणखी एक कारण असते. मुंडकार कायदा आणि १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा यांच्या आठवणी जुन्या घरांमध्ये अजून ताज्या आहेत. भाडेकरूने घरात पक्के काम केले की उद्या हक्क सांगेल, ही धास्ती ते बोलून दाखवत नाहीत. म्हणून ती तुम्हीच पत्रात दूर करा.

आधी मोजमाप, मग बोलणी

काकांकडे जाण्यापूर्वी परवानाधारक वीज कंत्राटदाराला एकदा बोलवा. 'जुने आहे, धोका आहे' या बोलण्याचे वजन पडत नाही, कागदावरच्या तीन आकड्यांचे पडते.

पहिला आकडा इन्सुलेशनचा. मेन बंद करून, सगळी उपकरणे, इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे काढून, ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल जोडून जमिनीशी मोजतात. १ मेगाओमपेक्षा कमी आले तर तारेचे आवरण गेले आहे. शक्य असेल तर हे पावसात मोजा. चिऱ्याची भिंत पाणी ओढते आणि खरी स्थिती तेव्हाच दिसते.

दुसरा आकडा तारेची जाडी, संपूर्ण वाटेवर. लोक इथेच फसतात. वरच्या बोर्डापासून बाथरूमपर्यंत नवी जाड तार टाकतात, पण खालच्या मेन स्विचपासून सब-मीटरपर्यंत आणि तिथून वर येणारी तार जुनी ३/२२ चीच राहते. मग बाथरूमची तार गार आणि जिन्याखालचा बोर्ड गरम. खात्याचे मीटर, मेन स्विच, सब-मीटर, वरची लाइन या साखळीतला प्रत्येक दुवा बघायला लावा. सब-मीटरच्या तबकडीवर त्याची कमाल क्षमता लिहिलेली असते, तीही वाचा.

तिसरा आकडा मंजूर भार. तो काकांच्या वीजबिलावर छापलेला असतो. त्यात फ्रिज, पंप, खालची उपकरणे आणि तुमचा गिझर बसतो का ते पाहा. बसत नसेल तर भारवाढीचा अर्ज ज्याच्या नावावर जोडणी आहे त्यानेच गोवा वीज खात्याच्या स्थानिक उपविभागात करायचा. भाडेकरूला तो करता येत नाही, फार तर कागदपत्रांची धावपळ तुम्ही करा. खात्याचे मीटर आणि त्याआधीचा सीलबंद भाग कोणत्याही खाजगी वायरमनने उघडायचा नाही.

अर्थ आहे का हे बघायला वायरमन फेज आणि अर्थ पिनेमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून दाखवतात. तुमच्यासारख्या घरात ते करू देऊ नका. घरातल्या अर्थ पिना एकमेकींना जोडलेल्या असतील पण जमिनीपर्यंत पोहोचत नसतील, तर बल्बातून आलेला फेज त्या क्षणी अर्थ पिनेला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर जातो. मल्टिमीटरचाही भरवसा नाही, तो इतका कमी करंट घेतो की निकामी अर्थलाही २३० दाखवतो. त्याचा एक उपयोग आहे: मोठे उपकरण चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये थोडे व्होल्टेज दिसायला हवे. चक्क शून्य दिसले तर आधीच कोणीतरी लूप मारून ठेवल्याची शंका घ्या आणि सॉकेट उघडून बघायला सांगा.

काम नेमके काय आणि किती

तुम्ही सांगितलेल्या घरासाठी मी असे सुचवेन.

अर्थिंगची जागा भिंतीपासून किमान दीड मीटर लांब. अंगणात स्वयंपाकघराचे किंवा न्हाणीचे पाणी माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडलेले असेल, तर त्याच्या शेजारची जागा निवडा. तिथली माती मे महिन्यातही ओली राहते आणि या एका निवडीने जितका फरक पडतो तितका महागड्या पावडरीनेही पडत नाही. पिण्याच्या विहिरीजवळ मात्र मीठ-कोळशाचा खड्डा नको. पारंपरिक पद्धतीत ४० मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप उभा पुरून भोवती कोळसा आणि मिठाचे थर देतात. मीठ रोध कमी करते, पण पाइपही खाते आणि दर पावसाळ्यात धुऊन जाते. जास्त टिकाऊ म्हणजे तांब्याचा लेप दिलेला ३ मीटरचा रॉड आणि भोवती बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती. दीड-दोन मीटरवर सलग जांभा लागला तर कामगार रॉड कापून टाकतात आणि वरून झाकण लावतात. तसे होऊ देऊ नका, ड्रिल लावून भोक पाडायला सांगा. नाहीच जमले, तर दोन आखूड रॉड घ्या आणि त्यांच्यात लांबीच्या दुपटीएवढे अंतर ठेवून जोडा. जवळजवळ ठोकले तर दुसऱ्याचा फायदा निम्माही मिळत नाही. वर तपासणीचे झाकण आणि पाणी ओतायची जागा हवी.

तिथून मुख्य बोर्डातल्या अर्थ पट्टीपर्यंत ८ गेजची तार, सांधा न देता. तांबे आणि जीआय यांचा नुसता पीळ मारला तर आपल्या दमट हवेत तो काही पावसाळ्यांतच हिरवा होऊन सुटतो. एकच धातू वापरा किंवा योग्य लग आणि नट-बोल्ट.

सब-मीटरच्या पुढे आठ मोड्यूलची छोटी पेटी. तिच्यात ३२ अँपिअरचा दोन पोलचा आयसोलेटर, गिझरसाठी १६ अँपिअरची दोन पोलची ३० मिलिअँपिअर आरसीबीओ, आणि वरच्या मजल्यावरच्या जुन्या दिवे-पंख्यांच्या लाइनसाठी १० अँपिअरची एमसीबी. ही १० ची एमसीबी महत्त्वाची आहे. चिनीमातीच्या फ्यूजची जागा तिने घेतली की जुन्या तारेवर कोणीही तिला न झेपणारा भार टाकू शकत नाही. मेनपासून या पेटीपर्यंत ६ चौरस मिमी तांबे.

जुन्या लाइनला लगेच आरसीसीबी का नको, हे विचाराल. जुन्या वायरिंगमध्ये ओल असते, आणि अनेकदा दोन खोल्यांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असतात. अशी लाइन आणि गिझर मिळून एकच आरसीसीबी टाकली की ती जूनच्या पहिल्या आठवड्यात दिवसातून चार वेळा पडते आणि वैतागून कोणीतरी तिला बायपास करतो. मग गिझरही उघडा पडतो. म्हणून गिझरची लाइन स्वतंत्र आरसीबीओवर. जुन्या लाइनचे मेगर वाचन १ मेगाओमच्या वर आणि न्यूट्रल सुटे केल्यावर तीही ३० मिलिअँपिअरच्या संरक्षणाखाली आणायची. पेटी आठ मोड्यूलची त्यासाठीच घ्यायची.

पेटीपासून बाथरूमपर्यंत ४ चौरस मिमीच्या तीन तारा: लाल, काळी, हिरवी. १४ मीटर अंतराला वळणे आणि बोर्डातली लांबी धरून प्रत्येकी १६ मीटर. हिरवी तार बारीक घेऊन पैसे वाचवू नका, तीही ४ चीच. सगळे पीव्हीसी पट्टीतून भिंतीवरून, त्यामुळे भिंत फोडावी लागत नाही. मध्ये एकही सांधा नाही. बाथरूमच्या दाराबाहेर २० अँपिअरचा दोन पोलचा दिवा असलेला स्विच, आत १६ अँपिअरचे तीन पिनांचे सॉकेट गिझरजवळ उंचावर, शॉवरपासून शक्य तितके लांब.

काकांना द्यायचे पत्र

बोलणे समोरासमोर करा, चहा घेताना करा, पण हा कागद हातात ठेवा:

"आदरणीय काका, बाथरूममध्ये गिझर लावण्याआधी कंत्राटदाराकडून वायरिंग तपासून घेतले. घराला अर्थिंग नाही आणि मेनपासून वर येणारी तार १३ अँपिअरसाठी पुरेशी नाही. मोजमापाचा कागद सोबत आहे. अंगणात माडाजवळ अर्थिंग करणे आणि मेन बोर्डातले फ्यूज बदलणे ही कामे आपण करावीत अशी विनंती आहे, त्याचा उपयोग खालच्या घरालाही होईल. वरची गिझरची लाइन आणि तिची सुरक्षा साधने मी माझ्या खर्चाने करीन. भिंत फोडली जाणार नाही. काम परवानाधारक कंत्राटदाराकडून होईल आणि त्याचा चाचणी अहवाल आपल्याकडे राहील. या कामामुळे मला घरावर कोणताही हक्क मिळत नाही. खोली सोडताना तार तशीच राहील, गिझर व आरसीबीओ मी नेईन. भारवाढीचा अर्ज आपल्या नावाने करावा लागेल, धावपळ मी करीन. कामे होईपर्यंत मी गिझर जोडणार नाही."

कंत्राटदाराचे अंदाजपत्रक दोन वेगळ्या भागांत लिहून घ्या, घराचा भाग आणि तुमचा भाग. एकच रक्कम समोर आली की काकांना ती सगळी तुमच्या गिझरची वाटते. त्यांनी सही केल्यावर प्रत करारासोबत ठेवा.

नकारच आला, तर गिझर लावू नका. स्वतःहून अंगणात खड्डा खणणे हे त्यांच्या जमिनीवरचे काम आहे, परवानगीशिवाय करता येणार नाही. पाणी चुलीवर किंवा गॅसवर तापवा.

काम झाल्यावर

आरसीबीओवरचे टी बटण दाबले आणि ती पडली की वायरमन 'अर्थिंग ओके' म्हणतो. ते बटण आरसीबीओची आतली यंत्रणा तपासते, अर्थिंग नाही. हिरवी तार कापलेली असली तरी बटणावर ती पडतेच. बटण महिन्यातून एकदा दाबत राहा, पण अर्थिंगसाठी कंत्राटदाराकडून दोन गोष्टी मागा: अर्थ टेस्टरने मोजलेला खड्ड्याचा ओममधला आकडा, तारखेसह, आणि आरसीसीबी टेस्टर थेट बाथरूमच्या सॉकेटमध्ये लावून, फेजकडून अर्थ पिनेकडे करंट सोडून ती पडते का याची नोंद. दुसऱ्या चाचणीत सॉकेटपासून खड्ड्यापर्यंतची सगळी वाट एकदम तपासली जाते.

पहिल्या दिवशी गिझर सलग दहा मिनिटे चालवून बंद करा, प्लग काढून त्याच्या पिना आणि सॉकेटचा चेहरा हाताने पाहा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर सॉकेटमधला स्क्रू सैल आहे. पेटीतली आरसीबीओ आणि सब-मीटरची जागाही तशीच बघा. सब-मीटरचे टर्मिनल बहुतेकांच्या तपासणीतून सुटते. पंधरा दिवसांनी मेन बंद करून सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्या, नवी तार दबून थोडी सैल होतेच.

काम पावसाळ्यात झाले असेल तर खड्ड्याचे मोजमाप पुढच्या मे महिन्यात पुन्हा करा आणि तो आकडा चाचणी अहवालावर पहिल्याच्या शेजारी लिहा. दुपटीहून जास्त वाढला असेल तर माडाला घालता त्यातले बादलीभर पाणी आठवड्यातून दोनदा खड्ड्यातही ओता. तेवढ्याने उतरला नाही, तर दुसरा रॉड घालायची वेळ झाली.